सगळ्यात शेवटी अण्णा असतात

आमच्या ट्रेकिंग ग्रुपवर नवा माणूस आला की त्याचं स्वागत असं होतं:

*नमस्कार @ 🙏🥾*
*रविवार पायवाट* मध्ये आलात म्हणजे घरात आलात 🏡💚
🌄 दर रविवारी एक डोंगर. कुठला, ते गुरुवारी संध्याकाळी इथेच कळेल.
👟 बूट पकड असलेले घ्या. फॅशनचे घातलेत तर डोंगर हसतो 😂
💧 पाणी भरपूर, 🫓 भाकरी-चटणी आपापली. लाडू आणलेत तर लपवू नका 👀
🎒 गडावर दारू नाही, सिगारेट नाही, स्पीकर नाही. कचरा आपल्याच पिशवीतून खाली.
🙊 इथे गुड मॉर्निंग, राजकारण आणि शेअर बाजार बंद.
✍️ आता तुमची पाळी! नाव, गाव, रक्तगट 🩸 आणि घरच्या एका माणसाचा नंबर 📞
🐢 चढताना दमलात तर लाजू नका. मागे वळून बघा. सगळ्यात शेवटी अण्णा असतात. ते कुणालाही मागे सोडून येत नाहीत.
🔗 मित्रांना आणायचं असेल तर खाली लिंक आहे. दार उघडंच आहे 🚪✨

हे वाचून कुणालाही वाटेल, पाठवणारा माणूस विशीतला असणार आणि बोलताना हातवारे करत असणार. मग तो नवा माणूस रविवारी पहाटे सांगलीच्या स्टँडवर येतो, आणि त्याला भेटतात नाथाजी, म्हणजेच आमचे अण्णा. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, ताठ, भुवया जाड, चेहऱ्यावर हसू म्हणाल तर औषधालाही नाही. हातात काठी, गळ्यात शिट्टी. नवा माणूस आधी त्यांच्याकडे बघतो, मग मोबाईलमधल्या त्या कासवाकडे बघतो, आणि मला हळूच विचारतो, "काकू, तो मेसेज यांनीच पाठवला?"

मी म्हणते, पाठवतात तेच. लिहिला दुसऱ्याच कुणीतरी.

मी पद्मा. पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा लेकीनं बूट घेऊन दिले आणि म्हणाली, आई, आता घरात बसून सुनांना नावं ठेवायला तुला सून नाही, तेव्हा डोंगर चढ. डोंगर मला आवडत नाहीत. गुडघ्यांनाही आवडत नाहीत. मी जाते ती माणसं बघायला. सगळ्यात शेवटी चालते म्हणून अण्णांची सोबत मलाच जास्त. त्यामुळे हा माणूस मला जितका माहीत आहे तितका ग्रुपात दुसऱ्या कुणाला माहीत नाही, आणि तरी तो मला पुरता कळलाय असं मी म्हणणार नाही.

अण्णांचं गाव कृष्णाकाठचं, ताकारीच्या अलीकडचं. घरचा ऊस, थोरला भाऊ शेती बघतो. बायको शालूबाई लवकर गेली. पदरात एकच मुलगी, शिवांजली. अण्णा नोकरीत असताना ती चुलत्याकडे वाढली, आणि ते कायमचे घरी आले तेव्हा बापलेकीला एकमेकांशी काय बोलावं ते कळेना. मग एका रविवारी ते तिला मच्छिंद्रगडावर घेऊन गेले. चढताना बोलायची गरज नसते, दम लागलेला असतो. पुढच्या रविवारी दुसरा डोंगर. तिच्या मैत्रिणी आल्या, मैत्रिणींचे भाऊ आले, एका भावाच्या मागून मी आले. असा ग्रुप झाला.

मेसेज लिहिला गेला औंधला, यमाईच्या डोंगरावर. पायऱ्या चढून वर गेलो, दर्शन झालं, आणि शिवांजली तटाच्या सावलीत मोबाईल घेऊन बसली. एकेक ओळ वाचून दाखवायची आणि आमच्याकडे बघायची. अण्णांनी सांगितलेले नियम तेवढे कोरडे होते. दारू नाही, कचरा नाही, रक्तगट पाहिजे, घरचा नंबर पाहिजे. पलटणीतला हुकूम तो. त्यावर हिनं बूट, भाकरी, डोळे, हसरे चेहरे पेरले.

"ही चित्रं कशापायी?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, तुमचा नियम वाचून माणूस पळून जाईल. चित्र बघून थांबतो."

"आन् ह्ये कासव?"

"ते तुम्ही."

 मी शेजारी होते. त्यांनी तो मोबाईल स्वतःकडे घेतला आणि ती कासवाची ओळ परत वाचली, ओठ हलवत, मुलं धडा वाचतात तशी.

अण्णांना मोबाईलवर टाइप करता येत नसे. अजूनही येत नाही. बोटं जाड आणि धीर कमी. म्हणून शिवांजलीनं तो मेसेज त्यांच्या स्वतःच्याच नंबरावर पाठवून ठेवला आणि शिकवलं: नवा माणूस आला की ग्रुपवर बारीक करड्या अक्षरात ओळ येते, अमुक जण लिंकवरून आले. ती दिसली की हा मेसेज दाबून धरायचा, कॉपी, ग्रुपवर पेस्ट. मग नमस्कारापुढे @ दाबायचं, नावांची यादी उघडते, त्यातलं नवं नाव निवडायचं. म्हणजे त्या माणसाचा फोन वाजतो, आणि त्याला कळतं हे आपल्यालाच आहे. बाकी सगळं अण्णा बोलून पाठवत. "उद्या वसंतगड. उशिरा येईल त्यानं येऊ नये." त्यांचे व्हॉइस मेसेज ऐकून माझ्या स्वयंपाकघरातली मांजर पळत असे.

आणि मेसेजवर नव्या माणसाचं उत्तर यायचं. ही आमच्याकडची रीत. चार गोष्टी लिहिल्याशिवाय रविवारी गाडीत जागा नाही. बहुतेक जण निमूट लिहितात. जतहून एक जण आला, त्यानं लिहिलं: नाव आमसिद्ध. गाव जत तालुक्यात. रक्तगट माहीत नाही. घरच्या माणसाचा नंबर: घरात फोन एकच हाय, तो हाच.

शिवांजली हे वाचून दिवसभर हसत होती. मग तिनं त्याला उत्तर दिलं, तपासून घ्या रक्तगट, आणि तोवर घरच्या नंबराच्या जागी माझा टाका.

पुढचं सांगायला नकोच. मुलगा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला, घरी मेंढरं, घरात बोलणं अर्धं कानडी. स्वभावानं गायीसारखा. अण्णांना तो चढताना आवडायचा. दोघेही गप्प चालणारे. पण चढताना आवडणं वेगळं आणि जावई म्हणून उंबरा ओलांडणं वेगळं. मेंढपाळाच्या घरात पोरगी दिली तर भावकीत मान वर करायला जागा राहणार नाही, असं थोरल्या भावानं सांगितलं, आणि ज्या माणसानं सीमेवर कुणापुढे मान खाली घातली नाही तो भावकीपुढे घालून बसला. मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो.

शिवांजलीनं रजिस्टर लग्न केलं. अण्णा तिला म्हणाले, माझ्या फोनवर तुझं नाव दिसता कामा नये. बापाचा हुकूम तिनं कधी मोडला नव्हता, तोही मोडला नाही. ग्रुपवर ओळ आली, शिवांजली यांनी ग्रुप सोडला. मग तिनं नंबरही बदलला. ग्रुपात सगळ्यांनी ती ओळ बघितली आणि कुणीतरी घाईघाईनं धबधब्याचा फोटो टाकला.

मला वाटलं, आता तो मेसेज जाणार. इतक्या मुलांमधलं कुणीही नवा लिहून दिला असता. पण पुढच्याच आठवड्यात एक शिक्षक आले आणि अण्णांनी तोच पेस्ट केला. बुटांसकट, डोळ्यांसकट, कासवासकट. ग्रुपात विश्वजीत म्हणून दुसरा अॅडमिन आहे, पुण्याच्या कंपनीचं काम सांगलीत बसून करतो, हुशार आहे. तो म्हणाला, अण्णा, हे जुनाट झालं, मी एकदम प्रोफेशनल बनवून देतो. अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

वंदनगड उतरताना एकदा मी न राहवून विचारलं. बाकीचे पुढे गेले होते. म्हटलं, अण्णा, पोरीचं नाव नको आणि पोरीचा मेसेज चालतो, हे कुठलं गणित?

अण्णा काठी टेकत चार दगड उतरले. मग म्हणाले, "पद्माताई, मला फोन कराया जमायचं न्हाई. तिलाबी जमायचं न्हाई, ती माझ्यावरच गेलीया. पर त्यो मेसेज तिच्याकडं हाय. त्यात लिंक हाय. लिंक दाबली की मानूस आत येतो. कुनाला इचारावं लागत न्हाई. आन् आत आला की मी ह्योच मेसेज टाकतो. कुनालाबी टाकतो. तिलाबी टाकंन."

एवढं लांब बोलणं मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं. मला ते सगळं एकदम समजलं. माफी मागायची नाही, मागायला लावायची नाही. ती नव्या माणसासारखी येणार, हे नव्या माणसासारखं तिचं स्वागत करणार, तिच्याच शब्दांत. दोघांचीही मान ताठ राहणार. असली वाट फौजी माणसालाच सुचावी. पण वाईट नव्हती. मलाही ती पटली, आणि त्या दिवसापासून ग्रुपवर करडी ओळ आली की माझाही जीव खालीवर व्हायला लागला.

लिंकचं दुखणं असं की ती पत्त्यासारखी असते. एकदा लोकांच्या हाती गेली की कुणाच्या हाती गेली ते कळत नाही. विश्वजीतनं ती पोस्टरवर छापली होती, इन्स्टाग्रामवर टाकली होती. तिथून ती कुठल्या तरी वाईट ठिकाणी पोचली. रोज परके नंबर आत यायला लागले. शेअरच्या टिपा, घरबसल्या कमाई, आणि मग नको ते व्हिडिओ. विश्वजीत म्हणाला, लिंक रीसेट करू, एका मिनिटाचं काम आहे. जुनी मरते, नवी मिळते. अण्णांनी नकाराची मान हलवली. मग मधला मार्ग निघाला: लिंक तीच, पण अॅडमिननं मंजूर केल्याशिवाय कुणी आत येणार नाही. तो पर्याय चालू केला.

आता विनंत्यांची रांग लागली. ती रांग अण्णा स्वतः बघत. नकारावर बोट ठेवायला वेळ लागायचा नाही. पण एखादी विनंती यायची, फोटो नाही, नावाच्या जागी नुसतं इंग्रजी एस. किंवा नुसतं फूल. अण्णा तिथं थांबायचे. आणि मंजूर करायचे.

यातून जे व्हायचं तेच झालं. असाच एक एस आत आला, अण्णांनी लगबगीनं स्वागताचा मेसेज टाकला, घर, हृदय, उघडं दार, आणि त्याच्या खाली त्या एसनं इतका घाण व्हिडिओ टाकला की आमच्या ग्रुपातल्या शाळकरी मुलीच्या आईनं तिथल्या तिथं ग्रुप सोडला. तिच्या मागून आणखी बायका गेल्या. विश्वजीत चिडून म्हणाला, अण्णा, तुम्ही माणूस न बघता आत घेता कसे?  मला उत्तर माहीत होतं, पण ते सांगणं माझं काम नव्हतं.

त्या रविवारी दंडोबाच्या डोंगरावर आम्ही सगळे मिळून मोजकेच होतो. अण्णा सावलीत बसले आणि म्हणाले, "ताई, ती लिंक कुठनं बदलत्यात दावा."

मी म्हटलं, अण्णा, विचार करा.

"केला. दुसऱ्याच्या लेकीबाळी हायेत हितं."

मी दाखवलं. ग्रुपच्या माहितीत जायचं, लिंकद्वारे आमंत्रण, आणि खाली रीसेट. फोन विचारतो, खात्री आहे का, जुनी लिंक वापरून आता कुणालाही येता येणार नाही. अण्णांनी ते वाक्य ओठ हलवत वाचलं. मग दाबलं.  मेसेजमधली शेवटची लिंक मी काढली आणि नवी घातली. तिच्या मेसेजमध्ये झालेला तो पहिला बदल. तेव्हा आषाढ चालू होता.

दिवाळीच्या तोंडावर मी सांगलीच्या स्टँडवर बसची वाट बघत होते. कुणीतरी वाकून पाया पडलं. आमसिद्ध. हातात खेळण्यांची पिशवी. वाळला होता, पण चेहरा तोच.

"मुलगी झाली, बाई. पाचवा म्हैना लागला," तो म्हणाला.

मी आनंदानं काही तरी बोलले असेन. मग तो थोडा घुटमळला.

"पंचमीला तिनं लिंक दाबली हुती."

नागपंचमी. आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. पोर मांडीवर घेऊन तिनं तो जुना मेसेज काढला. तिनं जपून ठेवला होता. आणि लिंक दाबली. स्क्रीनवर आलं, ही आमंत्रण लिंक रीसेट केली गेली आहे, तुम्ही या ग्रुपमध्ये सामील होऊ शकत नाही.

"काय म्हणाली?"

"काय न्हाई. म्हणाली, अण्णांनी कडी लावली. मग मेसेज खोडून टाकला." तो पिशवीकडे बघत होता. "सण करून ठेवला हुता तिनं. कुनी जेवलं न्हाई."

मी तिथंच बाकावर बसून त्याला सगळं सांगितलं. एस, व्हिडिओ, बायका, दंडोबा. तो ऐकत राहिला, आणि शेवटी त्यानं शिवांजलीचा नवा नंबर मला दिला. तिला न विचारता देतोय म्हणाला.

अण्णांना मी फोनवर सांगितलं नाही. रविवारी सागरेश्वरला गेलो होतो, परतीच्या वाटेवर दोघेच मागे होतो तेव्हा सांगितलं. नात झाली हेही सांगितलं. त्यांनी फक्त एकच विचारलं.

"कवा दाबली म्हनाली?"

"पंचमीला."

ते वाटेवरच्या दगडावर बसले. आषाढात लिंक बदलली, श्रावणात ती आली. एवढी वर्षं दार उघडं ठेवून बसलेला माणूस, आणि त्यानं दार ओढून घेतलं आणि पाठोपाठ पाहुणा आला. नशीब म्हणावं तर नशिबाला तरी थोडी लाज हवी. मी रडले, सरळ सांगते. अण्णा रडले नाहीत. त्यांनी मोबाईल काढला आणि म्हणाले, नंबर टाका.

नंबर मी घातला. त्यांनी स्वतःला पाठवलेला तो मेसेज दाबून धरला, कॉपी, पेस्ट. नमस्कारापुढे @ दाबलं. यादी उघडली नाही. ती ग्रुपातच उघडते, दोघांच्या बोलण्यात यादी कशाची उघडणार. ते पुन्हा पुन्हा दाबत राहिले. मग मी मोबाईल घेतला आणि तिथं शिवांजली असं लिहून दिलं. परत त्यांच्या हातात दिला. त्यांनी मेसेज खालपर्यंत वाचला, आणि कासवाच्या ओळीशी थांबले. ओळीच्या शेवटी बोट टेकवलं आणि खोडायचं बटण दाबून धरलं. सोडून येत नाहीत, गेलं. अण्णा असतात, गेलं. मागे वळून बघा, गेलं. कासव शेवटी गेलं.

"अण्णा, ती ओळ का काढली?"

"खरी न्हाई ती," ते म्हणाले, आणि मेसेज पाठवला.

डोंगर उतरून खाली आलो तोवर दोन्ही खुणा निळ्या झाल्या होत्या. गाडीत बसताना उत्तर आलं. अण्णांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. तिनं नाव, गाव, रक्तगट काहीच लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं:

एक ओळ राहिली.

मी म्हटलं, अण्णा, पाठवा ती ओळ. आत्ता पाठवा. किंवा बोलून पाठवा, दोन शब्द. तुमचा आवाज ऐकला की पुरे. त्यांनी होकाराची मान हलवली, गाडीतून उतरले, रस्त्याच्या कडेला उसाच्या बांधाला जाऊन उभे राहिले. मोबाईल तोंडाशी धरलेला दिसत होता. शिट्टीशिवाय अख्ख्या खिंडीला ऐकू जाईल असा ज्याचा आवाज, तो माणूस तिथं उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न देत होता. परत आले तेव्हा मी विचारलं नाही. आवाज निघाला नाही हे चेहऱ्यावरच होतं.

दुसऱ्या दिवशी आमसिद्धचा फोन आला. म्हणाला, बाई, ती काल फोन घेऊन मेंढरांच्या वाड्यापाशी बसली हुती. अण्णांच्या नावाखाली अक्षरं यायची, आवाज रेकॉर्ड करत आहे. मग जायची. परत यायची. परत जायची. येत काहीच न्हवतं. लेकराला मी घेतलं, ती उठलीच न्हाई.

"मग?"

"मग ती अक्षरं यायची थांबली. तवा म्हणाली, अण्णा दमले."

त्याला आता बरेच महिने झाले. ग्रुपवर नवी माणसं येतात, अण्णा मेसेज टाकतात. कासवाची ओळ ते दर वेळी आधी खोडतात. विश्वजीतला वाटतं, चुकून खोडली गेली, मी पुन्हा घालू का. मी त्याला म्हटलं, तुझं काम कर. अण्णा अजून सगळ्यात शेवटी चालतात, माझ्याही मागे. मधेच काठीचा आवाज थांबतो. मी वळून बघत नाही. मला माहीत असतं, मोबाईल तोंडाशी असणार. आणि तिकडे जतला, आमसिद्ध सांगतो, रविवारी दुपारी ती हातातलं काम बाजूला ठेवते आणि अण्णांचं नाव उघडून बसते.